अंतराल-आच्छादनाचा निकष (स्प्लिट टेस्ट)

वेबसाइटच्या एखाद्या पानाची दोन रूपे, ए आणि बी, वेगवेगळ्या पाहुण्यांना दाखवून कोणत्या रूपामुळे जास्त लोक खरेदी करतात हे तपासणे म्हणजे स्प्लिट टेस्ट. निकालाच्या आलेखात प्रत्येक रूपाचा खरेदी-दर एका बिंदूने दाखवतात आणि त्या बिंदूभोवती खरा दर साधारण कुठून कुठवर असू शकतो हे दाखवणारी ९५ टक्क्यांच्या विश्वास अंतरालाची, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हलची, पट्टी असते. दोन पट्ट्या एकमेकींवर आल्या तर ‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि सुट्या राहिल्या तर ‘झाला’ असा निर्णय देण्याच्या रूढ पद्धतीला आच्छादनाचा निकष म्हणता येईल. यातला दुसरा अर्धा भाग बरोबर आहे. पहिला चुकीचा आहे, आणि त्यामुळे चांगली रूपे टाकून दिली जातात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ए आणि बी प्रत्येकी १०,००० पाहुण्यांना दाखवले. ए मधून ५०० ऑर्डर आल्या, बी मधून ५७०. म्हणजे दर ५.० आणि ५.७ टक्के. ए ची पट्टी ४.५७ ते ५.४३, तर बी ची ५.२५ ते ६.१५. ५.२५ ते ५.४३ हा भाग दोन्हींत येतो, म्हणून आलेख पाहणारा ‘बरोबरी’ म्हणून मोकळा होतो. पण फरकाचा स्वतःचा अंतराल काढला तर तो ०.०८ ते १.३२ टक्केबिंदू येतो. त्यात शून्य नाही. पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता, सुमारे ०.०२८ आहे. म्हणून नेहमीच्या ५ टक्क्यांच्या कसोटीवर फरक सार्थ ठरतो.

हे का होते ते पायथागोरसच्या त्रिकोणात दिसते. ए च्या पट्टीची अर्धी लांबी ०.४३ आणि बी ची ०.४५. पट्ट्या सुट्या व्हायला फरक या दोन्हींच्या बेरजेहून, म्हणजे ०.८८ हून मोठा हवा. दोन्ही गटांतले पाहुणे वेगळे असल्याने त्यांच्या चुका मात्र स्वतंत्र असतात: ए चा दर योगायोगाने पुरता वर आणि त्याच वेळी बी चा पुरता खाली जाणे क्वचितच घडते. म्हणून या लांबींची थेट बेरीज होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. काटकोनाच्या बाजू ०.४३ आणि ०.४५ असतील तर कर्ण ०.६२, आणि सार्थतेला तेवढाच फरक पुरतो. आपला ०.७० चा फरक नेमका या दोन मर्यादांच्या मध्ये सापडला आहे.

दोन्ही गट सारख्या आकाराचे असताना ९५ टक्क्यांच्या पट्ट्या केवळ टेकलेल्या असल्या तरी पी-मूल्य जवळपास ०.००६ असते. म्हणजे ५ टक्क्यांची कसोटी लावतो असे म्हणत प्रत्यक्षात अर्ध्या टक्क्याच्या आसपासची लावली जाते. खरा फरक पकडण्याची शक्यता ८० टक्के राहील अशा बेताने पाहुण्यांची संख्या ठरवली असेल, तर या निकषामुळे ती ५१ टक्क्यांच्या आसपास उतरते. ती पुन्हा ८० वर न्यायची तर सुमारे दोन-तृतीयांश पाहुणे जादा लागतात.

तरीही आलेखावरून दोन गोष्टी खात्रीने वाचता येतात. पट्ट्या पूर्ण सुट्या असतील तर फरक सार्थ आहे. एका रूपाचा मधला बिंदूच दुसऱ्याच्या पट्टीत पडत असेल तर तो सार्थ नाही. टोके एकमेकांत शिरली आहेत पण बिंदू बाहेर आहेत, अशा मधल्या अवस्थेत डोळ्यांवर विसंबू नये, गणित करावे. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत एक ओळ पुरते:

```
prop.test(c(570, 500), c(10000, 10000), correct = FALSE)
```

उत्तरात फरकाचा अंतराल आणि पी-मूल्य दोन्ही मिळतात.

काही जण ९५ ऐवजी सुमारे ८३ टक्क्यांच्या पट्ट्या काढतात, म्हणजे त्यांचे टेकणे आणि ५ टक्क्यांची सार्थता जुळून येते. ही युक्ती गट सारख्या आकाराचे असतील तरच चालते. पाहुणे ९०:१० असे विभागले, तर लहान गटाची पट्टी मोठ्या गटाच्या सुमारे तिप्पट लांब होते आणि कर्ण बाजूंच्या बेरजेच्या बराच जवळ येतो. मग ८३ टक्क्यांच्या पट्ट्या फारच लवकर सुट्या होतात. याहून सरळ उपाय म्हणजे आलेखात फरकाचीच एक पट्टी काढणे आणि ती शून्याची रेघ ओलांडते का ते पाहणे.

ही पट्टीसुद्धा पाहुण्यांची आधी ठरवलेली संख्या पूर्ण झाल्यावर एकदाच वाचायची असते. रोज आलेख उघडून शून्य सुटले त्या दिवशी चाचणी थांबवली, तर मुळीच फरक नसलेली रूपेही ५ टक्क्यांपेक्षा बऱ्याच जास्त वेळा जिंकलेली दिसतात. रोज पाहणे टाळता येत नसेल, तर त्यासाठी बांधलेले क्रमिक चाचणीचे अंतराल वापरावे लागतात. ते सुरुवातीला बरेच रुंद असतात.