चॅप्टर केस : गुन्हा घडण्याआधीच्या बॉण्डचा इतिहास आणि सोलापुरातला वापर

गणेशोत्सव, निवडणुका किंवा जानेवारीतली गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरातल्या पोलीस ठाण्यांत जुन्या याद्या बाहेर निघतात. ज्यांच्यावर पूर्वी गुन्हे आहेत किंवा ज्यांची आपसांत धुसफूस आहे, अशांविरुद्ध प्रतिबंधात्मक कारवाईचे प्रस्ताव तयार होतात, म्हणजे शांत राहण्याची किंवा चांगल्या वागणुकीची लेखी हमी, अर्थात बॉण्ड, त्यांच्याकडून घ्यायचा. यालाच सगळे ‘चॅप्टर केस’ म्हणतात, कारण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणात ही कलमं होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा मजकूर नवव्या प्रकरणात गेला. जुनं 107 आता 126 झालं, 110 झालं 129, नोटिशीचं 111 झालं 130 आणि चौकशीचं 116 झालं 135. आकडे बदलले, पण आतली यंत्रणा बहुतांशी तीच आहे. ती आजच्या रूपात कशी आली हे माहीत असलं, की नोटीस हातात पडल्यावर नेमकं काय तपासायचं ते कळतं.

मूळ इंग्लंडातलं. तिथल्या 1361 च्या कायद्याने शांतता-न्यायाधीशांना अधिकार दिला, की ज्यांची ख्याती चांगली नाही त्यांच्याकडून चांगल्या वागणुकीची हमी घ्यावी. भारतात ही कल्पना फौजदारी प्रक्रियेच्या संहितांमधून आली आणि 1898 च्या संहितेत ती ज्या आकड्यांनी बसली, ते आकडे पुढे सव्वाशे वर्षं टिकले. शांतता राखण्यासाठी 107, राजद्रोही मजकूर पसरवणाऱ्यांसाठी 108, संशयितांसाठी 109 आणि सराईतांसाठी 110.

यातलं जुनं 109 नीट वाचण्यासारखं आहे. लपूनछपून वावरणारा तर त्यात होताच, शिवाय ज्याच्याकडे उपजीविकेचं दिसतं साधन नाही किंवा ज्याला स्वतःबद्दल समाधानकारक सांगता येत नाही, असा माणूसही त्यात बसत असे. फिरस्त्या समाजातल्या कोणालाही या चौकटीत बसवणं किती सोपं होतं, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. गुन्हेगार जमाती कायद्याखाली कुटुंबंच्या कुटुंबं ज्या तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली, ती सेटलमेंट याच शहरात होती आणि वस्तीच्या नावात ती आजही आहे. तो कायदा वेगळा होता. त्यात अख्खी जमात अधिसूचित होई, तर चॅप्टरमध्ये निदान कागदावर तरी एकेका माणसाची चौकशी होई. पण दोन्हींमागचा संशय एकाच जातीचा. गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. 109 मधला उपजीविकेचा भाग मात्र 1973 ची नवी संहिता येईपर्यंत राहिला. त्या संहितेने तो गाळला आणि दखलपात्र गुन्हा करण्याच्या हेतूने अस्तित्व लपवणं एवढंच ठेवलं.

खरं वळण आलं 1970 मध्ये. समाजवादी नेते मधू लिमये मूळचे पुण्याचे आणि बिहारमधल्या मुंगेरचे खासदार. तिथल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांपुढची कारवाई त्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेली आणि चॅप्टरची कलमं घटनाबाह्य आहेत असा मुद्दा मांडला. सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कलमं वैध ठरवली. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांचा मुख्य निकाल मात्र केवळ ‘वैध’ म्हणून थांबला नाही. कलमं टिकतात ती त्यांच्यातल्या पायऱ्यांमुळे, असं त्याचं सार आहे. आधी लेखी आदेश, मग तो वाचून समजावणं, मग माहिती खरी की खोटी याची चौकशी. चौकशीला हातच घातलेला नसताना अंतरिम बॉण्ड मागता येणार नाही आणि तो दिला नाही म्हणून आत टाकता येणार नाही. जुन्या कलमात ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत’ एवढेच शब्द होते. त्यामुळे पहिल्याच तारखेला बॉण्ड घ्यायची सवय लागली होती. 1973 च्या संहितेत त्या जागी ‘चौकशी सुरू झाल्यानंतर आणि पूर्ण होण्यापूर्वी’ असे शब्द आले. नव्या संहितेच्या कलम 135(3) मध्येही हाच अर्थ कायम आहे.

एक बदल उलट दिशेनेही झाला. 1973 च्या संहितेत 107 कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे होतं, पण 108, 109 आणि 110 प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कोर्टाकडे होती. 1980 च्या दुरुस्तीने तीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे दिली. सराईत ठरवून तीन वर्षांपर्यंतचा बॉण्ड घेण्याचा अधिकार न्यायाधीशाच्या हातून प्रशासनाच्या हाती गेला. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत कमी चर्चिलेला निर्णय हाच. योगायोगाने त्याच वर्षी गोपालनाचारी प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावलं, की 110 हे गरिबाला गरीब म्हणून अडकवण्याचं साधन नाही.

आज सोलापूर जिल्ह्यात याची दोन दारं आहेत. शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका अशा ठाण्यांचे प्रस्ताव पोलीस खात्यातल्याच दंडाधिकाऱ्यांपुढे जातात. ग्रामीण भागात ते तहसीलदार किंवा प्रांतांकडे जातात. शहरात प्रस्ताव पाठवणारा आणि ऐकणारा एकाच खात्याचा असतो, म्हणून तिथे रोजनाम्यावर, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, काय लिहिलंय याला जास्त महत्त्व येतं.

आता एक नमुन्याचं प्रकरण पाहू. मोहोळ तालुक्यातलं एक गाव धरा. दोन चुलतभावांचा बांधावरून वाद आहे. 3 ऑगस्टला शिवीगाळ होते आणि ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, दाखल होते. आठवड्याने पुन्हा काठ्या निघतात. बीट अंमलदार अहवाल देतो आणि कलम 126 खाली तहसीलदारांकडे प्रस्ताव जातो. तहसीलदारांनी प्रस्ताव वाचून, कारवाईला पुरेसं कारण आहे असं स्वतःचं मत बनवायचं आणि कलम 130 चा लेखी आदेश काढायचा. या आदेशात चार गोष्टी हव्यात : मिळालेल्या माहितीचा सारांश, बॉण्डची रक्कम, मुदत आणि जामीनदार किती. समजा 10 हजार रुपये, सहा महिने, एक जामीनदार.

सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच फसतात. छापील नमुन्यात नाव आणि गाव भरलेलं असतं, खाली ‘आपण भांडखोर स्वभावाचे असून आपल्यापासून शांततेचा भंग होण्याची शक्यता आहे’ एवढंच वाक्य. कुठल्या तारखेला, कुठे, कोणाशी, काय झालं, यातलं काहीच नाही. ज्याला उत्तर द्यायचं त्याला नेमकं कशाचं द्यायचं हे कळत नसेल, तर तो सारांश नव्हे. शिवाय हा आदेश म्हणजे पुढच्या सगळ्याची वरची मर्यादा असते. अंतिम आदेशात यापेक्षा मोठी रक्कम, जास्त मुदत किंवा वेगळ्या प्रकारची हमी मागता येत नाही. नोटिशीत 10 हजार आणि शेवटी 25 हजार, असं झालं तर आदेश तिथेच लंगडा पडतो.

सामनेवाला हजर झाला की आदेश त्याला वाचून दाखवायचा. समन्स काढलं असेल तर त्यासोबत आदेशाची प्रत हवीच. मग चौकशी. ती समन्स खटल्यासारखी चालते, म्हणजे पोलिसाचा जबाब, गावातल्या साक्षीदाराचा जबाब, उलटतपासणी आणि सामनेवाल्याचा पुरावा. दोन्ही चुलतभावांविरुद्ध प्रस्ताव असेल तर चौकश्या दोन हव्यात. एकत्र चौकशी एका बाजूच्या लोकांची होते. एकमेकांच्या उरावर बसलेल्यांना एकाच फाईलमध्ये घातलं, की एकाविरुद्धचा पुरावा दुसऱ्याच्या गळ्यात पडतो.

अंतरिम बॉण्ड याच टप्प्यात घेता येतो. त्यासाठी तातडीचे उपाय का हवेत याची कारणं लेखी हवीत. रोजनाम्यावर ‘हजर, आदेश वाचून दाखविला, अंतरिम बॉण्ड घेतला, पुढील तारीख’ अशी एकाच दिवसाची ओळ दिसली, तर चौकशी सुरू झालीच नव्हती हे उघड आहे. वकील म्हणूनच सर्वांत आधी रोजनाम्याची नक्कल मागतात. कलम 126 च्या प्रकरणात अंतरिम बॉण्ड फक्त शांतता राखण्याचा असू शकतो. चांगल्या वर्तणुकीचा घेता येत नाही, आणि छापील नमुन्यात तर नेमका तोच मजकूर असतो.

चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत ती संपली पाहिजे. नाही संपली, तर विशेष कारणं लिहून मुदत वाढवलेली नसेल तर कारवाई आपोआप संपते. माणूस अटकेत असेल तर अटकेचे सहा महिने झाले की कारवाई संपते, मुदतवाढ नाही. तारखांवर तारखा पडून कित्येक फाईल अशाच मरतात. गंमत म्हणजे सामनेवाल्याला ते माहीत नसतं आणि तो सातव्या महिन्यातही मोहोळला हजेरी लावत राहतो.

समजा चौकशी वेळेत झाली आणि 20 डिसेंबरला सहा महिन्यांच्या बॉण्डचा अंतिम आदेश झाला. जामीनदार गावातलाच, सातबारा जोडलेला. मार्चच्या 20 तारखेला त्याच बांधावर पुन्हा मारहाण होते. आता पोलीस कलम 141 खाली बॉण्डभंगाचा अहवाल देतात. भंग सिद्ध झाला, तर दंडाधिकारी कारणं नोंदवून माणसाला तुरुंगात पाठवू शकतात, पण फक्त बॉण्डची उरलेली मुदत संपेपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त 20 जूनपर्यंत. सुनावणीत एप्रिल गेला तर तेवढे दिवस आपोआप कमी. बॉण्डची रक्कम जप्त करण्याची कारवाई वेगळी, आणि मारहाणीचा गुन्हा तर स्वतंत्र चालतोच.

हा तुरुंगवास ज्या बॉण्डच्या भंगाला आहे, तो अंतिम आदेशानुसार लिहून दिलेला बॉण्ड. कलमात तसे शब्दच आहेत. अंतरिम बॉण्डचा भंग झाला म्हणून याच कलमाखाली माणसाला आत पाठवण्याचा प्रस्ताव आला, तर तो शब्दांत बसत नाही. ठाण्यातून असे प्रस्ताव येतात ते बहुधा दोन्ही बॉण्डचा कागद दिसायला सारखाच असतो म्हणून.

बांध मात्र तिथेच राहतो. बॉण्डने मारामारी थांबेल, हद्द ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आणि दिवाणी कोर्ट आहे. वाद रस्ता अडवल्याचा असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली त्याच तहसीलदारांपुढे वेगळा अर्ज करता येतो, आणि जमिनीच्या ताब्यावरूनच शांततेला धोका असेल तर जुनं कलम 145, म्हणजे आताचं 164, आहे. ही दारं न ठोठावता दर पावसाळ्याआधी नवीन चॅप्टर होत राहते.

हमी देण्याचा अंतिम आदेश मान्य नसेल, तर कलम 414 खाली सत्र न्यायालयात अपील आहे. जुन्या संहितेत हे 373 होतं. अपिलासोबत जोडायचे कागद तीन : कलम 130 चा आदेश, पूर्ण रोजनामा आणि जबाबांच्या प्रती. आदेशाविरुद्धचे बहुतेक मुद्दे पहिल्या दोन कागदांतच सापडतात.