टेप काळी झाली, पण बीजाणू मेले का?

“पिशवीवरच्या ऑटोक्लेव्ह टेपवर काळे पट्टे उमटले, म्हणजे सगळं निर्जंतुक झालं ना?”

नाही. पिशवी ऑटोक्लेव्हमध्ये तापली, एवढंच ती टेप सांगते. वापरलेल्या पेट्री प्लेट्सची पिशवी गच्च बांधली, तर आत हवा अडकते आणि वाफ मधोमध पोहोचत नाही. बाहेरची टेप मात्र काळी होतेच. खरी परीक्षा तिथे मधोमधच घ्यायला हवी. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णता सोसणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंची कुपी तिथे ठेवा आणि १२१ अंश सेल्सियसचं नेहमीचं चक्र चालवा. कुपी निवल्यावर आतली काचनळी दाबून फोडा, मग ५५ ते ६० अंशांवर उबवा. नळीतून बाहेर आलेल्या वाढ-माध्यमाचा जांभळा रंग पिवळा झाला, तर बीजाणू जिवंत आहेत. सोबत त्याच लॉटची, ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली कुपीही उबवा. ती पिवळी झाली नाही, तर चाचणीच बाद.