चखण्यापासून चाटपर्यंत: पुण्यातल्या हलक्या बिअरची पार्श्वभूमी

पुण्यातल्या परमिट रूममध्ये बिअरबरोबर काय मागवायचे, हे वर्षानुवर्षे ठरलेलेच होते: मसाला पापड, तळलेले शेंगदाणे, चणे आणि स्वयंपाकघराला वेळ असेल तर कांदाभजी. परमिट रूम हे नावच 1949 च्या दारूबंदी कायद्यातील पिण्याच्या परवान्यावरून आले. तिथे बसणे ही काहीशी आडोशाची गोष्ट होती. भेळ किंवा शेव-बटाटा-दही-पुरी, म्हणजे पुणेकरांची एसपीडीपी, मात्र संध्याकाळी घरच्यांबरोबर उघड्यावर खायची. त्यामुळे तळणाशी बिअरची ओळख जुनी असली, तरी आंबटगोड चाट बराच काळ तिच्यापासून दूर राहिली.

तळणाच्या सोबतीला होती ती लागर, म्हणजे थंडीत आंबवून मुरवलेली बिअर. आजच्या फिकट, सोनेरी लागरचा उगम 1842 मध्ये बोहेमियातील पिल्सेन गावी योसेफ ग्रोल याने केलेल्या बिअरपर्यंत जातो. आपल्याकडच्या बाटलीबंद लागरमध्ये मात्र हॉप्स या फुलांचा कडवटपणा मूळ पिल्सनरपेक्षा बराच कमी असतो आणि अनेकदा जवाबरोबर तांदूळ किंवा मका वापरून तिचे अंग आणखी हलके केले जाते. जाणकार याला बेचवपणा म्हणतात. भज्यांच्या बाबतीत मला तो गुण वाटतो. बेसनाचा खमंगपणा, ओवा आणि करपायला आलेल्या कांद्याचा गोडवा यांच्यावर ती कुरघोडी करत नाही. गारवा, बुडबुडे आणि जेमतेम कडवटपणा यांमुळे तेलकट चव जिभेवर रेंगाळत नाही आणि पुढचे भजे पुन्हा पहिल्यासारखे लागते. हे पाच टक्क्यांच्या आतबाहेरच्या माइल्ड बिअरपुरते खरे आहे. आठ टक्क्यांच्या जवळ जाणाऱ्या स्ट्राँग बिअरचा गोडसर जडपणा तेलाला छेद देण्याऐवजी त्यातच भर घालतो, आणि तळलेली मिरची तिच्यासोबत अधिकच झोंबते.

गव्हाच्या बिअरची कुळकथा वेगळी आहे. बव्हेरियात 1516 च्या नियमाने बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढेच मान्य केले, पण गव्हाची बिअर विशेष हक्काने चालू राहिली आणि 1602 पासून तो हक्क खुद्द राजघराण्याकडे आला. (ज्याची बंदी, त्याचीच मक्तेदारी, अबकारी खात्याचा इतिहास सगळीकडे सारखाच दिसतो.) तो खासगी हाती आला 1872 मध्ये, गेओर्ग श्नायडर यांच्याकडे.

पुण्यात ही बिअर रुळली ती 2009 मध्ये डूलालीने येथे आपली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच थोडी थोडी बिअर बनवून विकणारी जागा, सुरू केल्यानंतर. चवीइतकाच याला टाक्यांचा हिशेब कारणीभूत आहे. लागरचे किण्वन साधारण 8 ते 13 अंशांवर होते आणि नंतर तिला थंडीत काही आठवडे मुरवावे लागते. गव्हाची बिअर 20 अंशांच्या आसपास आंबते, गाळावी लागत नाही आणि दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येऊ शकते. मोजक्याच टाक्या असलेल्या जागेला हे सोयीचे पडते. त्यात हे ब्रूपब जेवणाचेही ठिकाण असल्याने, कुटुंबाने मागवलेली चाट आणि मित्रांनी मागवलेली बिअर एकाच टेबलावर येऊ लागली.

त्या टेबलावरची एसपीडीपी जवळून पाहण्यासारखी आहे. चिंचेतील टार्टरिक आम्ल जिभेवर असताना कोणत्याही पेयाचा स्वतःचा आंबटपणा कमी भासतो. म्हणून पहिल्या पुरीनंतर फिकट लागर पाण्यासारखी लागते. गव्हाच्या बिअरकडे तेव्हाही काही शिल्लक उरते. तिच्या खास यीस्टमुळे पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा गंध तयार होतो. केळ्याचा गंध खजूर-गुळाच्या चटणीशी जुळतो आणि लवंगेचा वर भुरभुरलेल्या मसाल्याशी. गव्हातील प्रथिनांमुळे येणारा दाट, मऊ घोट दह्यापुढे पातळ पडत नाही. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये तर धने आणि संत्र्याची साल घालतात, त्यामुळे ती सुक्या भेळेबरोबर अधिक खुलते. मात्र धने आणि कोथिंबीर एकाच झाडाचे असले तरी त्यांचे गंध एक नाहीत, हे लक्षात ठेवावे.

जोडी बिघडते ती बहुधा तिखटाने. बुडबुडे आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात, म्हणून हिरवी चटणी वेगळी मागवलेली बरी. ओठांवरचे तेल ग्लासाला लागले की फेस बसतो. तो अचानक गेला तर दोष बिअरचाच असतो असे नाही. गव्हाची बिअर फार गार, म्हणजे 3-4 अंशांवर आली, तर केळे-लवंगेचा गंध दबतो. ग्लास दहा मिनिटे तसाच ठेवला की तो वर येतो. अर्थात एसपीडीपीला तेवढा धीर नसतो, दह्याखालची पुरी तोवर मऊ पडलेली असते. म्हणून आधी बिअर मागवावी आणि ग्लास टेबलावर आल्यावर मगच चाट सांगावी.