शनवार तेल्यांच्या घरी हनुक्का उशिरा आला

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत दर डिसेंबरला हनुक्का या आमच्या यहुदी सणाला कोणी ना कोणी विचारतंच, "ही तुमची दिवाळी का हो?" यंदा मुलांनी ठरवलं की शेजाऱ्यांसाठी चार मिनिटांचा व्हिडिओ करायचा. त्यात मेणबत्त्या, गोष्ट, तळणीचे पदार्थ आणि एक प्रार्थना, एवढंच मावतं. त्यामागचा इतिहास चार मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून हे टिपण. विशेष म्हणजे माझ्या आजीच्या आजीला हा सण बहुधा ठाऊकच नसेल. ते का, हे सांगायचं तर आधी यरुशलेमला जावं लागतं.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात यरुशलेमभोवतालच्या यहूदिया प्रांतावर सेल्युकस घराण्याच्या ग्रीक राजांची सत्ता होती. इ.स.पू. 175 मध्ये चौथा अँटिओकस गादीवर आला. यरुशलेममधल्या वरच्या थरातल्या काही यहुद्यांना ग्रीक रीत आवडू लागली होती. शहरात ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा उभी राहिली आणि मुख्य याजकाचं पद राजाला पैसे मोजून मिळू लागलं. म्हणजे भांडण नुसतं परक्या राजाशी नव्हतं, घरातही होतं. हे आम्ही व्हिडिओत घेतलं नाही, पण ते सोडलं की गोष्ट फार सोपी होते. इ.स.पू. 167 मध्ये राजाने शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळायला आणि मुलांची सुंता करायला बंदी घातली. मंदिरातल्या वेदीवर झ्यूस देवासाठी बळी दिले जाऊ लागले.

मोदीन गावच्या मत्तथ्या नावाच्या याजकाने हा हुकूम मानायला नकार दिला आणि पाच मुलांना घेऊन तो डोंगरात गेला. त्याच्यामागे मुलगा यहूदा पुढारी झाला. त्याला मक्काबी म्हणत, आणि या नावाचा अर्थ बहुतेक जण हातोडा असा लावतात. डोंगरवाटा माहीत असलेल्या थोड्या माणसांनी मोठ्या फौजेला जेरीस आणलं, हे महाराष्ट्रात वेगळं समजवावं लागत नाही. इ.स.पू. 164 मध्ये त्यांनी मंदिर परत मिळवलं. विटाळलेल्या वेदीचे दगड त्यांनी उतरवले, पण फेकले नाहीत. त्यांचं काय करायचं हे पुढे एखादा संदेष्टा येऊन सांगेल, असं म्हणून ते बाजूला रचून ठेवले आणि न घडवलेल्या दगडांची नवी वेदी बांधली. आमच्या पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या 25 तारखेला तिचं समर्पण झालं. हनुक्का या शब्दाचा अर्थच समर्पण. लढाई मात्र संपली नव्हती. यरुशलेममधला किल्ला पुढे वीसेक वर्षं शत्रूच्याच ताब्यात राहिला आणि यहूदा इ.स.पू. 160 मध्ये रणात पडला.

हनुक्का म्हटलं की एरवी सांगतात ती तेलाच्या कुपीच्या चमत्काराची गोष्ट. मग यात ती कुपी कुठे आहे? या काळाबद्दलचे सर्वांत जुने दोन ग्रंथ म्हणजे मक्काबींचं पहिलं आणि दुसरं पुस्तक. दोन्हींत कुपीचा चमत्कार नाही. पहिलं पुस्तक म्हणतं, लोकांनी आठ दिवस आनंदाने समर्पण साजरं केलं. आठच का, याचं कारण दुसरं पुस्तक देतं. मांडवांचा सण, म्हणजे सुक्कोथ, आठ दिवसांचा असतो. तो लोकांना वेळेवर करता आला नव्हता, कारण तेव्हा ते गुहांमध्ये लपून होते. मंदिर हाती आल्यावर त्यांनी त्याच रीतीने आठ दिवस पाळले. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस या सणाला 'प्रकाश' म्हणतो, पण असं नाव का पडलं याचा तोही अंदाजच करतो.

ही दोन्ही पुस्तकं आमच्या हिब्रू बायबलमध्ये नाहीत. ती कॅथलिक बायबलमध्ये आहेत. म्हणजे हनुक्काची मूळ हकिकत आमच्यापेक्षा वसईतल्या कॅथलिक शेजाऱ्यांच्या धर्मग्रंथात जास्त सविस्तर सापडते. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी कितीतरी वेळ तिच्याचबद्दल बोलत होते.

कुपी येते ती तालमूद या धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, घटनेनंतर काही शतकांनी. तिथे प्रश्नच असा आहे: हनुक्का म्हणजे काय? उत्तर असं की ग्रीकांनी मंदिरातलं सगळं तेल विटाळलं होतं. शोधल्यावर मुख्य याजकाची मोहोर शाबूत असलेली एकच कुपी मिळाली. तिच्यात एका दिवसापुरतं तेल होतं आणि ते आठ दिवस जळलं. लढाईला तिथे जेमतेम एक वाक्य मिळतं. बरेच अभ्यासक याचं कारण असं देतात की मक्काबींचे वंशज पुढे राजे झाले, आपसात भांडले आणि रोमचा शिरकाव झाला. नंतर रोमविरुद्धच्या बंडांत मंदिरही गेलं. तलवारीचं कौतुक करण्याची धर्मगुरूंना इच्छा उरली नव्हती. मला हे पटतं.

त्याच पानांत दिव्याचे नियम आहेत, आणि व्हिडिओ करताना मी सगळ्यांत जास्त त्यांच्याजवळ रेंगाळले. दिवा दाराबाहेर ठेवायचा. का, तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. ज्याचं दार रस्त्यावर उघडत नाही त्याने तो रस्त्याकडच्या खिडकीत ठेवायचा. बाजारातली पावलं थांबेपर्यंत तो जळला पाहिजे. ही शेवटची पावलं कोणाची, हेही तिथेच सांगितलंय: तदमोर, म्हणजे आताच्या सीरियातल्या पाल्मिरा इथल्या लोकांची. संकटाचा काळ असेल तर दिवा घरातल्या टेबलावर ठेवला तरी चालतो. म्हणजे हा दिवा मुळातच शेजाऱ्याला दाखवायचा आहे.

दिवे रोज एकेक वाढत का जातात, यावरही शम्माय आणि हिल्लेल या दोन जुन्या धर्मगुरूंच्या अनुयायांत वाद झाला होता. शम्मायच्या अनुयायांचं म्हणणं, पहिल्या रात्री आठ लावा आणि रोज एक कमी करा. हिल्लेलच्या अनुयायांचं म्हणणं, एकापासून सुरू करा, कारण पवित्र गोष्टीत चढत जावं, उतरू नये. हिल्लेलची रीत टिकली. एक ते आठची बेरीज 36. शिवाय रोज एक शमाश, म्हणजे सेवक दिवा, म्हणून आठ रात्रींना 44 मेणबत्त्या लागतात आणि डब्यात तेवढ्याच असतात. हनुक्काच्या दिव्यांच्या उजेडात वाचायचं नाही, काम करायचं नाही, ते फक्त पाहायचे. म्हणून पेटवण्यासाठी आणि उजेडासाठी शमाश वेगळा, थोडा उंच किंवा बाजूला. बाकीचे आठ एका ओळीत, सारख्या उंचीवर, एकमेकांपासून अंतर ठेवून, नाहीतर मेण वितळून ज्योती एक होतात आणि किती रात्री झाल्या ते मोजता येत नाही. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे लावत जातात, पेटवताना मात्र सुरुवात डावीकडच्या नव्या मेणबत्तीपासून.

आमच्या व्हिडिओच्या पहिल्या खेपेला मुलांनी सात शाखांच्या दीपवृक्षाचं चित्र वापरलं होतं. मोठ्या काकूंनी ते पाहताक्षणी बोट ठेवलं. सात शाखांचा मेनोरा मंदिरातला. हनुक्काच्या दिव्याला शमाश धरून नऊ जागा असतात आणि त्याला हनुक्किया म्हणतात. आता कुठेही चित्र दिसलं की आधी मी शाखा मोजते.

आता कोकणाकडे. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. आमच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचा वंश कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्याच्या गावागावांत तेल गाळून राहिला. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. हिब्रू पुस्तकं हाती नव्हती. तोंडी राहिलं ते शमा इस्राएल ही प्रार्थना, सुंता, शब्बाथ, खाण्याचे काही नियम आणि थोडे सण. सणांची नावंही मराठी: नव्याचा सण, दारफळणीचा सण, होळीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. या यादीत हनुक्का नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्यांना तेलाचा सणच माहीत नव्हता.

आमच्या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि 1937 मध्ये छापल्या गेलेल्या इतिहासात यावरून कालनिर्णय केला. पूर्वजांना हनुक्का ठाऊक नाही, म्हणजे ते मक्काबींच्या आधी, इ.स.पू. 175 च्या सुमारास निघाले असणार. तर्क देखणा आहे आणि आमच्या घराघरांत तो अजून सांगितला जातो. पण त्यावर फार भार टाकता येत नाही. हा सण तोरामध्ये, आमच्या मूळ धर्मग्रंथात, नाही. त्याला पुस्तकाचा आधार नसेल तर नंतर आलेले लोकही चारपाच पिढ्यांत तो विसरू शकतात. एखादा सण नसणं हा पुरावा म्हणून लंगडाच.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कोचीनचे यहुदी शिक्षक कोकणात आणि मुंबईत आले, मागोमाग बगदादी यहुदी आले. 1796 मध्ये मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी आमचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, बांधलं. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. प्रार्थना हिब्रूत शिकवल्या गेल्या, मराठीत पुस्तकं छापली गेली, आणि राहून गेलेले सण एकेक करून घरात आले. त्यांतलाच हनुक्का. म्हणून त्याला जुनं मराठी नाव नाही.

घरात शिरताना मात्र तो कोकणी झाला. आजीकडे मेणबत्त्या नव्हत्या. काचेच्या छोट्या पेल्यांत खाली पाणी, वर खोबरेल आणि त्यावर तरंगणारी वात, असे दिवे ती फळीवर मांडायची. तळणीचं कारण तेलच. युरोपातल्या यहुद्यांकडे बटाट्याची धिरडी, इस्रायलमध्ये जाम भरलेले तळलेले गोळे. आमच्याकडे आई करंज्या तळते, ओल्या नारळाच्या.

तारीख दरवर्षी हलते, त्याचं उत्तर मराठी माणसाला पटकन कळतं. आमचे महिनेही चंद्राचे, अमावास्येनंतर सुरू होणारे, आणि आम्हालाही अधिक महिना धरावा लागतो. किस्लेवची 25 म्हणजे कृष्ण पक्षातली दशमी-एकादशी. कार्तिक किंवा मार्गशीर्षातली अमावास्या या आठ रात्रींच्या मधोमध पडते.

2026 मध्ये पहिली रात्र 4 डिसेंबरची, शुक्रवारची, आणि आठवी 11 डिसेंबरची, तीही शुक्रवारची. शुक्रवारी घोळ होतो. शब्बाथचे दिवे सूर्यास्ताआधी अठरा मिनिटं लागतात आणि त्यानंतर आम्ही आग पेटवत नाही. म्हणून हनुक्काचे दिवे त्याही आधी. ठाण्यात त्या सुमाराला सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे साडेपाचच्या पुढे लगेच दिवे लावायचे, आणि ते चांदण्या दिसल्यावर अर्धा तास, जवळजवळ सातपर्यंत, जळले पाहिजेत. डब्यातली बारीक मेणबत्ती अर्ध्या-पाऊण तासात संपते. त्या दोन संध्याकाळी आम्ही आजीचे पेले काढणार, दोन तास पुरेल एवढं खोबरेल घालून, चौकटीबाहेर डाव्या हाताला, उजव्या चौकटीवरच्या मेजुजाच्या, म्हणजे धर्मवचनांच्या डबीच्या, समोर. लिफ्टमधून येणाऱ्याला तिथूनच दिसतात.

व्हिडिओ पहिल्या शुक्रवारी, 4 डिसेंबरला, संध्याकाळी पाच वाजता पाठवू. त्यानंतर दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत आमच्यापैकी कोणी फोन हातात घेणार नाही, त्यामुळे काही विचारायचं असेल तर सरळ दाराशी या.