रंगेहाथ सापडले, मग सुटले कसे?

तलाठी पाच हजार घेताना पकडला गेला, ही बातमी पेपरात मोठी येते. सात-आठ वर्षांनी तो निर्दोष सुटतो, ती बातमी आली तर आतल्या पानावर. लोक म्हणतात, 'वरपर्यंत पोचवले असतील.' कधी तसंही असेल. पण बऱ्याचदा कारण खटल्याच्या कागदांतच असतं. पैसे सापडणं आणि लाच मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सिद्ध झाली नाही तर पहिली एकटी फारशी कामाला येत नाही.

उलट बाजूही गंमतशीर आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 7 मध्ये लाच मिळवण्याचा प्रयत्न हाही गुन्हाच आहे. म्हणून लाचलुचपत प्रतिबंधक विभाग अनेकदा नुसत्या मागणीवर गुन्हा नोंदवतो. साहेबांना संशय आला, त्यांनी पैसे घेतलेच नाहीत, तरी. म्हणजे पैशाशिवाय मागणी चालते, मागणीशिवाय पैसे चालत नाहीत.

असं समजा, वारसाची नोंद सातबाऱ्यावर लावायला तलाठ्याने पाच हजार मागितले. शेतकरी विभागाकडे जातो. थेट सापळा लावत नाहीत. आधी पडताळणी होते: दुसऱ्या सरकारी कार्यालयातून दोन पंच बोलावतात, तक्रारदाराच्या खिशात व्हॉइस रेकॉर्डर ठेवतात आणि एका पंचाबरोबर त्याला तलाठ्याकडे पाठवतात. मग नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहून त्यांना अँथ्रासीन पावडर लावतात. तक्रारदाराला बजावतात की मागितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि दिल्यावर ठरलेला इशारा करायचा, डोक्यावरून हात फिरवण्यासारखा. इशारा झाला की पथक आत शिरतं, अतिनील दिव्याखाली तलाठ्याची बोटं धरतं आणि ती निळसर चमकतात. काही राज्यांत फिनॉल्फ्थॅलीन वापरतात. तिथे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं.

ती चमक एवढंच सांगते की या बोटांनी त्या नोटांना हात लावला. का लावला, ते पावडर सांगत नाही. तलाठी कोर्टात म्हणतो, 'हा शेतसाऱ्याची थकबाकी भरायला आला होता.' किंवा, 'मी नको म्हणत असताना याने खिशात कोंबले, ते काढून टाकताना बोटांना लागलं.' पैसे टेबलाच्या खणात सापडले आणि त्या वेळी तो खोलीबाहेर होता, तर बचाव आणखी सोपा.

म्हणून खरी झुंज पडताळणीच्या रेकॉर्डिंगवर होते. त्यात तलाठी म्हणतो, 'पाच घेऊन या, उद्या नोंद लावतो,' तर भक्कम. पण तक्रारदारच विचारतो, 'साहेब, पाच हजार चालतील ना?' आणि पलीकडून नुसतं 'हं' येतं, किंवा 'बघू, या उद्या' येतं, तर वकील त्यावर तासभर उलटतपासणी घेतो. पंच दाराबाहेर उभा होता, त्याला बोलणं ऐकूच आलं नाही, हे तर सर्रास. पंचाला तक्रारदाराच्या शेजारी ठेवायचं, हा साधा नियम पाळला न गेल्याने प्रकरणं कोसळतात.

सरकारी वकिलांच्या हाती कलम 20 चं गृहीतक असतं: लाभ घेतल्याचं सिद्ध झालं की तो कामासाठीच घेतला असं कोर्ट मानतं. पण हे दार नोट सापडली म्हणून उघडत नाही. 2014 मध्ये बी. जयराज आणि 2015 मध्ये पी. सत्यनारायण मूर्ती या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मागणी सिद्ध झाली नसेल तर नुसती रक्कम हस्तगत होणं पुरेसं नाही. मूर्ती प्रकरणात तक्रारदार साक्षीपूर्वीच वारला होता.

मग तक्रारदार मेला किंवा फितूर झाला की खटला संपला का? डिसेंबर 2022 मध्ये नीरज दत्ता प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'नाही' असं उत्तर दिलं. मागणी इतर साक्षीदारांच्या जबाबातून किंवा परिस्थितिजन्य पुराव्यातूनही सिद्ध करता येईल. पीठाने आणखी एक फरक नोंदवला: नागरिकाने आपणहून देऊ केलं आणि अधिकाऱ्याने ते लाच म्हणून स्वीकारलं, तर आधी मागणी नसली तरी तो गुन्हा आहे. मात्र तेव्हा देऊ करणं आणि स्वीकारणं, दोन्ही सिद्ध करावं लागतं. मला हा निकाल पटतो. नाहीतर तक्रारदाराला गप्प केलं की सगळेच सुटले असते.

पण त्याच नीरज दत्तांचं अपील नंतर नियमित पीठापुढे गेलं. त्या दिल्लीच्या वीज मंडळातल्या निरीक्षक होत्या, सापळा 2000 सालचा, तक्रारदार साक्ष देण्याआधीच वारलेला. पैसे हातात आले होते, पण लाच म्हणून मागितल्याचा पुरावा उरलेल्या साक्षींत सापडेना. मार्च 2023 मध्ये त्या निर्दोष सुटल्या.