काँक्रीटचं गटार वरून नाही, खालून फुटतं

"दगडाचं कशाला, सिमेंटचं करा, एकदाच कायमचं होऊन जाईल." पाण्याच्या कामाबद्दल बोलणं निघालं की हे वाक्य येतंच, आणि मलाही परवापरवापर्यंत ते बरोबर वाटायचं. मग ग्रामीण भागात आयुष्यभर नाल्या, मोऱ्या, छोटे बंधारे बांधलेल्या एका इंजिनिअर साहेबांचं भाषण ऐकलं. विषय इतकाच होता की पावसाळी पाणी वाहून नेणाऱ्या नालीला आतून दगडी अस्तर करायचं की काँक्रीटचं. तास-दीड तास बोलले, त्यातला निम्मा वेळ एकाच गोष्टीवर, आणि तीच गोष्ट मला इथे नीट सांगायची आहे कारण ती कळली की फुटलेल्या नालीकडे बघायची नजरच बदलते.

सुरुवातीलाच त्यांनी विचारलं की काँक्रीटची नाली कधी फुटते? सगळे म्हणाले, पूर आल्यावर, पाण्याच्या माऱ्याने. साहेब म्हणाले की मारा हे कारण कमी वेळा असतं, बऱ्याचदा स्लॅब खालून उचलला जातो आणि मग फुटतो. नुसता मारा सोसायला काँक्रीट पुरेसं कडक असतं. ताकदीचाच प्रश्न असेल तर चांगला काळा दगड साध्या एम-२० काँक्रीटच्या कितीतरी पट दाब सोसतो, म्हणून मजबूत कोण हा प्रश्नच इथे चुकीचा आहे, खाली शिरलेलं पाणी काय करतं तो खरा प्रश्न.

मग त्यांनी फळ्यावर हिशोब मांडला. नालीच्या तळाला १० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब घ्या. एक चौरस मीटर तुकड्याचं वजन साधारण २४० किलो. ऐकायला भक्कम वाटतं. पण सांध्यातून, भेगेतून पाणी खाली गेलं आणि स्लॅब पाण्यात बुडाला की त्याच्या आकारमानाइतकं पाणी त्याला उचलून धरतं, शाळेत आर्किमिडीजचं शिकलोय तेच. इथे ते १०० किलो होतात, म्हणजे उरले १४० किलो. आता एक चौरस मीटरवर १४० किलोचा दाब द्यायला किती पाणी लागतं? फक्त १४ सेंटिमीटर उंचीचं. म्हणजे नालीतल्या पाण्यापेक्षा स्लॅबखालच्या पाण्याचा दाब वीतभर उंचीपेक्षाही कमी फरकाने जास्त झाला की तो अडीच क्विंटलचा स्लॅब तरंगायला मोकळा.

हा जादा दाब येतो कुठून, तर दोन वाटांनी.

पहिली वाट अशी की पाऊस जोराचा होतो, नाली भरून वाहते, आजूबाजूची माती पाणी पिऊन फुगते. पाऊस थांबला की नालीतलं पाणी तास-दोन तासात उतरतं, पण मातीतलं पाणी, त्यात काळी चिकणमाती असेल तर, कित्येक दिवस उतरत नाही. नाली रिकामी आणि बाजूच्या मातीत पाणी अजून हात-दीड हात वर. ते सगळं पाणी अस्तराला मागून ढकलतं. म्हणून कितीतरी नाल्या पुरात टिकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडल्यावर कडेचे स्लॅब आत झुकलेले दिसतात. लोकांना वाटतं रात्री पुराने तोडलं. कुठे कुठे तर दरवर्षी त्याच जागी नाली फुटते आणि मग त्या जागेबद्दल कायकाय बोललं जातं, तिथे काहीतरी आहे, ती जागा काम टिकू देत नाही वगैरे. साहेब म्हणाले तिथे खरंच काहीतरी आहे, झरा आहे! उतार कापून नाली काढली की जमिनीतून येणारं पाणी नेमकं तिथेच बाहेर पडायला बघतं आणि आपण त्याच्या तोंडावर काँक्रीट ओततो. फुटलेल्या जागी उन्हाळ्याच्या आत पहारीने दोन फूट खणून बघा, माती ओली लागली की उत्तर मिळालं.

दुसरी वाट मला सगळ्यात भारी वाटली, आणि ती त्यांनी करून दाखवली. एक उथळ ट्रे तिरका ठेवला, त्यात दोन फरश्या एकामागे एक मांडल्या आणि वरून नळीने पाणी सोडलं. पाणी दोन्हीवरून गुळगुळीत निघून गेलं. मग पुढच्या म्हणजे खालच्या अंगाच्या फरशीखाली एक काडी घातली, त्यामुळे तिची पाण्याकडची कड काडीभर वर आली. परत पाणी सोडलं. पाणी त्या कडेवर आपटलं, फटीत शिरलं आणि फरशी टक्क करून उचलली जाऊन उलटली. पहिल्या रांगेतला एक मुलगा उठून ट्रेपाशीच गेला, त्याला परत बघायचं होतं, साहेबांनी तीनदा केलं.

धावत्या पाण्याला अचानक थांबवलं की त्याच्या वेगाचं दाबात रूपांतर होतं. किती दाब, तर वेगाचा वर्ग भागिले १९.६ केलं की मीटरमध्ये पाण्याची उंची मिळते. वेग सेकंदाला १ मीटर असेल तर ५ सेंटिमीटर, २ मीटरला २० सेंटिमीटर आणि ३ मीटरला ४६. आता मघाचे १४ सेंटिमीटर आठवा. सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास वेग गेला आणि सांध्यावर अशी चार-पाच मिलिमीटरची कड वर राहिली असेल तर पातळ स्लॅब धोक्यात. अर्थात खाली शिरलेलं पाणी थोडंफार इकडेतिकडे निसटतं, सगळा दाब सगळ्या स्लॅबखाली भरत नाही, म्हणून प्रत्यक्षात प्रत्येक स्लॅब उडत नाही. पण हे मोठ्या कामांनाही चुकलेलं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाचा काँक्रीटचा सांडवा फुटला, जवळजवळ १ लाख ८८ हजार लोकांना घरं सोडून जायला सांगावं लागलं, आणि चौकशीत हेच निघालं की भेगा आणि सांध्यांतून पाणी खाली शिरलं आणि त्या दाबाने स्लॅब उचलला गेला.

आता दगड बघू. इथे थोडं गणित येतं, पण धीर धरा. साहेबांनी उदाहरण घेतलं वीस हेक्टर पाणलोटाचं. ताशी ६० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला ४० टक्के वाहून येतो धरलं तर नालीत सेकंदाला १.३३ घनमीटर पाणी येतं. नाली तळाला ६० सेंटिमीटर रुंद, कडा पंचेचाळीस अंशात तिरक्या, उतार शंभराला एक. वेग काढायला आयरिश इंजिनिअर रॉबर्ट मॅनिंगचं सूत्र, जे जगभर अजून वापरतात:

```
V = (1/n) × R^(2/3) × S^(1/2)
```

यात S म्हणजे उतार, R म्हणजे वाहत्या पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले त्या छेदात नालीचा तळ आणि बाजू मिळून जेवढी लांबी भिजते ती, आणि n म्हणजे खडबडीतपणा. सगळी गंमत त्या n मध्ये आहे. काँक्रीटला तो ०.०१५ धरला, सिमेंटात बसवलेल्या खडबडीत दगडाला ०.०२५. तेच पाणी काँक्रीटमधून ४६ सेंटिमीटर खोलीने आणि सेकंदाला २.७ मीटर वेगाने जातं, दगडातून ६० सेंटिमीटर खोलीने आणि १.८५ मीटर वेगाने. म्हणजे दगडी नाली खोल खणावी लागते, हा तिचा तोटा खरा आणि तो त्यांनी लपवला नाही. पण वेगाचं दाबात रूपांतर करून बघा, काँक्रीटमध्ये ३७ सेंटिमीटर, आणि पातळ स्लॅब झेलू शकतो फक्त १४. दगडात १७ सेंटिमीटर, आणि २५ सेंटिमीटर जाडीचं दगडी अस्तर बुडालेलं असतानाही साधारण ३५ झेलतं. शिवाय हे पाणी नाली संपते तिथे कच्च्या जमिनीवर पडतं तेव्हा जास्त वेगवान पाणी जास्त मोठा खड्डा करतं, आणि तो खड्डा मागे सरकत सरकत अस्तराच्या टोकाखाली येतो. म्हणून दोन्हीत शेवटाला ६० ते ९० सेंटिमीटर खोल आडवी भिंत गाडायलाच हवी.

कोरडं पिचिंग, म्हणजे सिमेंट न घालता दगड उभे ठोकून मधे कपच्या मारलेलं, ते तर पाण्याला अडवतच नाही, दाब फटींतून निघून जातो, जमीन थोडी खचली तर तेही थोडं बसतं आणि चालू राहतं. पण त्याचं मरण वेगळं. दगडाखालची बारीक माती फटींतून धुपून जाते आणि वरून सगळं जागेवर दिसत असताना आत पोकळी होते. त्यासाठी दगडाखाली आधी वाळू, मग बारीक खडी असा थर लागतो, प्रत्येक थर खालच्याला बाहेर पडू न देण्याइतका बारीक आणि पाण्याला वाट देण्याइतका मोकळा. हा थर कामात सगळ्यात आधी वगळला जातो कारण तो नंतर कुणाला दिसत नाही, आणि माझ्या मते दगडी कामाची जी बदनामी झालीय ती बरीचशी या न घातलेल्या थरामुळे. आणि दगड सिमेंटात पूर्ण जाम करून पाण्याला वाटच ठेवली नाही तर ते कामही काँक्रीटसारखंच ताठ होतं, मग वजन जास्त एवढाच काय तो फायदा.

एकाने विचारलं, मग काँक्रीटच जाड करा की! साहेबांनी लगेच आकडा काढला, ३७ सेंटिमीटरचा दाब नुसत्या वजनाने झेलायचा तर स्लॅब २६ सेंटिमीटर हवा, म्हणजे जवळपास दगडाइतकाच जाड.

तरी त्यांचा निकाल सगळीकडे दगड असा नव्हता. हीच नाली पुढे सपाटीवर येते आणि उतार चारशेला एक होतो तिथे ते काँक्रीटच करतात. तिथे काँक्रीटमध्ये वेग १.६ मीटरवर येतो, दाब १३ सेंटिमीटर, म्हणजे काठावर का होईना पण आत. उलट दगडात तिथे भर पावसातही पाणी सेकंदाला एक मीटरच्या आसपासच जातं, हलक्या पावसात तर रेंगाळतं, गाळ बसतो, गवत उगवतं आणि दोन पावसाळ्यांत नाली अर्धी भरते. पण काठावर असलेलं काम तसंच सोडायचं नाही, सांध्यावर पुढच्या स्लॅबची कड मुद्दाम तीन-चार मिलिमीटर खाली ठेवायची म्हणजे पाणी आपटत नाही, वरून उडी मारून जातं, आणि मागचं पाणी बाहेर यायला कडांना दर दीड-दोन मीटरवर ७५ मिलिमीटरचे पाइप घालायचे, पाइपच्या मागे खडीचा गाळणी थर भरून, नुसता मातीत खुपसायचा नाही.

वर्षातून दोनदा फेरी मारायची त्यांची पद्धत अशी. पावसाळ्याआधी पहारीच्या दांड्याने तळ ठोकत जायचं, भरीव जागी टणटण वाजतं, खाली पोकळी असेल तर बद्द आवाज येतो, तिथे चुन्याची खूण करून स्लॅब काढून भर घालायची. आणि जोराचा पाऊस ओसरल्यावर पाइपांकडे बघायचं. स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर काम चाललंय, पाइप कोरडा असेल तर बुजलाय, आणि गढूळ पाणी येत असेल तर मागची माती वाहून चाललीय, ते त्याच आठवड्यात उकरायचं.