खासगी फोटो पसरवण्याची धमकी आली असेल, तर StopNCII वर अर्ज कसा करायचा आणि तो कुठे अडतो

संमतीशिवाय खासगी फोटो किंवा व्हिडिओ पसरवला जात असेल, किंवा तशी नुसती धमकी आली असेल, तर StopNCII.org वर विनामूल्य अर्ज करता येतो. ही सेवा डिसेंबर 2021 मध्ये सुरू झाली आणि ब्रिटनमधली एक सेवाभावी संस्था ती चालवते, पण अर्ज कुठल्याही देशातून करता येतो. अर्ज तसा सोपा आहे. तरीही बरेच जण अर्ध्यावर सोडतात, किंवा अर्ज करूनही फोटो पुन्हा दिसला म्हणून हताश होतात. कारणं बहुतेक तीच तीच असतात.

अर्ज कोण करू शकतं

फोटोत तुम्ही स्वतः असायला हवं. फोटो काढला तेव्हा तुमचं वय 18 पूर्ण असायला हवं आणि आजही. फोटो नग्न, अर्धनग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा असावा. तुमचा चेहरा लावून बनवलेला खोटा फोटोही चालतो. आणि ती फाइल तुमच्याजवळ असायला हवी.

एवढंच. तरी अनेक जण यात नसलेली पाचवी अट स्वतःच घालून घेतात: "पण फोटो मीच काढला होता, मीच पाठवला होता." त्याने काहीही बिघडत नाही. एका माणसाला पाहायला दिलेला फोटो म्हणजे जगाला वाटायची परवानगी नव्हे. संमती हवी होती ती पसरवण्याला, आणि ती न घेता पसरवणारा माणूस या प्रकरणातला दोषी आहे. तक्रार घ्यायला बसलेली माणसं मात्र पहिला प्रश्न "असे फोटो काढलेतच कशाला?" हाच विचारतात. त्या उत्तराने तपास इंचभरही पुढे सरकत नाही, अर्जदार मात्र उठून निघून जातो. या प्रश्नाचा खुलासा देत बसू नका. "हा फोटो पसरवायला मी परवानगी दिलेली नाही," एवढं एक वाक्य तक्रारीत स्पष्ट लिहा.

आईवडील, मैत्रीण किंवा नवरा यांना तुमच्या वतीने हा अर्ज करता येत नाही. शेजारी बसून मदत करायला हरकत नाही. फोटो काढला तेव्हा तुमचं वय 18 च्या आत असेल, तर इथे न येता takeitdown.ncmec.org वर जा. आज वय कितीही असलं तरी त्या फोटोंसाठी तीच जागा. असा फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पुढे पाठवू नका.

जी फाइल नेमकी कुणाजवळच नसते

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडत असतील. धमकी आली की माणूस घाबरून सगळं डिलीट करतो, आणि इथे तर फाइलच लागते. कारण ही यंत्रणा फोटो मागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा आकडे-अक्षरांचा एक ठसा तयार होतो, त्याला हॅश म्हणतात. फक्त तो हॅश सहभागी कंपन्यांकडे जातो. फोटो तुमच्या फोनबाहेर पडत नाही आणि हॅशवरून फोटो परत बनवता येत नाही. पण मूळ फाइल नसेल तर ठसा घेणार कशाचा?

एक उदाहरण घेऊ. एका मुलीने जोडीदाराला दोन फोटो आणि एक व्हिडिओ पाठवला होता. नातं तुटल्यावर त्याने ते पसरवण्याची धमकी दिली. तिने घाबरून चॅट आणि गॅलरी दोन्ही साफ केलं. अशा वेळी आधी फोनचा ट्रॅश पाहायचा. आयफोनमध्ये डिलीट केलेले फोटो साधारण 30 दिवस राहतात, गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेले 60 दिवस. समजा, तिथे दोन्ही फोटो सापडले. फोटोंचं काम झालं. फोटोचा हॅश जरा सैल असतो. आकार लहान झाला किंवा अ‍ॅपने पाठवताना फाइल दाबून हलकी केली, तरी बहुधा जुळतो. मोठा भाग कापला किंवा वर बरंच काही चिकटवलं, तर जुळेलच असं नाही.

व्हिडिओचं तसं नाही. त्याचा हॅश अगदी काटेकोर असतो, फाइलमध्ये किंचित बदल झाला तरी पूर्ण वेगळा येतो. तिच्या लॅपटॉपवर व्हिडिओची मूळ प्रत आहे, पण त्याच्याकडे गेलेली प्रत मेसेजिंग अ‍ॅपने दाबलेली आहे. म्हणजे मूळ प्रतीवर केलेला अर्ज त्याच्या प्रतीला अडवणार नाही. तिने पाठवलेली प्रत शोधायला हवी. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ फोल्डरमध्ये Sent नावाचं फोल्डर असतं, त्यात ती बरेचदा शिल्लक राहते. ती आणि मूळ, दोन्ही प्रती अर्जात द्याव्यात. पुढे कापलेली किंवा बदललेली प्रत कुठे दिसली, तर ती उतरवून घेऊन नवीन अर्ज करावा लागतो. आधीच्या अर्जात ती आपोआप धरली जात नाही.

बाकी पायऱ्या किरकोळ आहेत: काही प्रश्नांची उत्तरं, फाइल निवडणं, पिन ठरवणं. शेवटी केस क्रमांक मिळतो. तो आणि पिन दोन्ही लगेच लिहून ठेवा, कारण हरवले तर परत मिळत नाहीत आणि अर्जाची स्थिती पाहता येत नाही. जोडीदाराला उघडता येईल अशा फोनमध्ये ठेवू नका.

हॅश दिला म्हणजे तक्रार झाली, असं नाही

सहभागी कंपन्यांत फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट, बिंग अशी नावं आहेत. यादी बदलत असते, ती साइटवर पाहा. यादीबाहेरच्या साइटवर या अर्जाचा काही उपयोग नाही. एन्क्रिप्टेड खासगी चॅटमध्येही फोटो अशा रीतीने तपासला जात नाही.

फोटो कुठे टाकलेला दिसलाच, तर त्या साइटकडे वेगळी तक्रार करा. पण तक्रारीच्या बटणाआधी पुरावा. पोस्ट काढली गेली की पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. पानाचा पूर्ण पत्ता, टाकणाऱ्याच्या प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि धमकीचे मेसेज जपून ठेवा. नुसतं खात्याचं नाव पुरत नाही, ते मिनिटात बदलता येतं. त्या माणसाला ब्लॉक करायचं तेही हे झाल्यावर.

गूगल सर्चमध्ये फोटो येत असेल, तर गूगलच्या मदत पानांवर संमतीविना पसरवलेल्या खासगी चित्रांसाठी फॉर्म आहे. तो तुमच्या वतीने अधिकृत प्रतिनिधीलाही भरता येतो. इथे नेहमीची चूक म्हणजे लोक स्वतःचं नाव शोधून वर दिसणारा सर्चचा पत्ता चिकटवतात. तो चालत नाही. ज्या पानावर फोटो आहे त्या पानाचा पत्ता लागतो, आणि इमेज सर्चमध्ये असेल तर चित्राचा स्वतःचा पत्ता, जो चित्रावर राइट क्लिक करून घेता येतो. पाच पानांवर असेल तर पाचही पत्ते द्या. मंजुरी मिळाली तरी फोटो फक्त सर्चमधून जातो. मूळ साइटवर तो राहतोच, तिथला अर्ज वेगळा.